लॅप वर गेला, रिंग जाड झाली: साइट सुपरवायझरला एक खुलं पत्र

साइट सुपरवायझर साहेब,



कॉलमच्या स्टीलचं ड्रॉईंग बदललंय. आर-१ च्या जागी आता आर-२ आलंय, आणि त्यावरचे लाल ढग बघून तुमच्या मनात काय आलं असेल याचा मला अंदाज आहे. सळया कापून झाल्यात, फिटरनं रिंगांचा निम्मा ढीग पाडलाय, आणि आता ऑफिसात बसलेल्या माणसाला काहीतरी सुचलं. ड्रॉईंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत डिझाईन कुणाचं, ड्राफ्टिंग कुणाचं, तपासलं कुणी, या सगळ्यांना जागा असते. बांधून घेणाऱ्याला नसते. म्हणून या बदलाचा खुलासा त्या चौकटीबाहेर, तुमच्या नावानं करतोय. पत्र जाहीर आहे, कारण हाच बदल आज पुण्यात, नाशकात, ठाण्यात अनेक साइटवर पोचतोय आणि बहुतेक ठिकाणी त्याच्यासोबत "ॲज पर कोड" एवढाच शेरा जातो. त्या तीन शब्दांवर कुणी फिटरला काम बदलायला लावू शकत नाही.

आधी न बदललेलं सांगतो, म्हणजे अर्धी काळजी मिटेल. कॉलमचं माप ३०० बाय ४५० च आहे. मुख्य सळया दहाच, १६ एमएमच्या, लांब बाजूला चार-चार आणि आखूड बाजूला कोपरे धरून तीन-तीन. काँक्रीट एम-३०, सळई एफई-५००, कव्हर ४० एमएम. बीमच्या ड्रॉईंगला हात लावलेला नाही. बिल्डिंग तीच, पार्किंग अधिक सात मजले, मजल्याची उंची ३ मीटर, बीम ६०० खोल, म्हणजे स्लॅबपासून वरच्या बीमच्या तळापर्यंत कॉलम मोकळा २४०० दिसतो. हे २४०० लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

बदललंय ते एवढंच: लॅप कुठे द्यायचा, रिंग कशी आणि किती अंतरावर बांधायची, आणि बीम-कॉलमच्या सांध्यात रिंगा घालायच्या की नाही. प्रूफ चेकिंगमध्ये यावर शेरे आले आणि आर-२ निघालं. फुटिंगची जाळी बांधली जात असतानाच ते तुमच्या हातात पडलंय, हे आपलं नशीब. प्लिंथवर सळया उभ्या राहिल्यानंतर आलं असतं तर हे पत्र फार वेगळं झालं असतं.

लॅपपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त कुरकुर त्यावर होणार आहे.

आर-१ मध्ये दहाच्या दहा सळया स्लॅबच्या वर ७५० उभ्या सोडायच्या आणि नव्या दहा सळया स्लॅबवर टेकवून त्यांना बांधायच्या, असं होतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं आणि त्याचं कारण सरळ आहे: सोयीचं आहे. नवी सळई स्लॅबवर उभी राहते, आणि ३ मीटर अधिक ७५० म्हणजे ३७५० चे तुकडे, १२ मीटरच्या सळईतून बरोबर तीन निघतात. यापेक्षा सुटसुटीत काय असणार?

अडचण जागेची आहे. भूकंपात बिल्डिंग आडवी हलते तेव्हा कॉलम सगळ्यात जास्त वाकतो तो स्लॅबच्या लगेच वर आणि बीमच्या लगेच खाली. सळईवरचा ताण तिथे सर्वाधिक, आणि तोही एकदा ओढ, एकदा दाब, असा उलटसुलट. लॅपमध्ये एका सळईचा ताण दुसरीत जातो तो मधल्या काँक्रीटमार्फत. कव्हरचं काँक्रीट तडकून गळून पडलं की लॅपची पकड सुटते. म्हणजे लॅप नेमका त्याच जागी होता जिथे काँक्रीट आधी तडकणार. कॉलमच्या मध्यावर मात्र हे वाकणं जवळपास शून्याला येतं. म्हणून आय.एस. १३९२० सांगतं की लॅप कॉलमच्या मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच घ्या, आणि एका जागी निम्म्याहून जास्त सळया जोडू नका.

आपल्या २४०० मध्ये मधला अर्धा भाग म्हणजे स्लॅबपासून ६०० ते १८००. त्याच्या मध्यावर ७५० चा लॅप बसवला की तो ८२५ ला सुरू होतो आणि १५७५ ला संपतो. हे दोन आकडे आर-२ वर ठळक दिलेत. ७५० हा आकडा एम-३० आणि एफई-५०० साठी सळईच्या व्यासाच्या साधारण ४५ पट येतो, १६ ला ७२५, तो पुढे सरकवून ७५० केलाय. एखाद्या दिवशी काँक्रीट एम-२५ आलं तर हा लॅप पुरणार नाही, तेव्हा तसं काही घडलं तर आधी फोन करा.

आता "निम्म्याहून जास्त नाही" ही अट. पाच सळया जरा खाली आणि पाच जरा वर, असं एकाच मजल्यात करता येईल असं वाटतं. येत नाही. दोन लॅपच्या मध्यांमध्ये लॅपच्या १.३ पट, म्हणजे ९७५ अंतर हवं. तेवढं सोडलं की खालच्या लॅपच्या तळापासून वरच्याच्या टोकापर्यंत १७२५ होतात, आणि आपल्याकडे मधला भाग आहे १२००. म्हणून आर-२ मध्ये पाच सळया एका मजल्यावर जोडायच्या आणि उरलेल्या पाच पुढच्या मजल्यावर, असं आहे. प्रत्येक सळई दोन मजले सलग जाते. दहा सळयांचा घेर धरून एकाआड एक मोजा: एक, तीन, पाच, सात, नऊ हा एक गट, बाकीचा दुसरा. एकाच बाजूच्या सगळ्या सळया एका गटात घेऊ नका.

याचा परिणाम तुम्हाला स्लॅबवर उभं राहून एका नजरेत दिसेल. स्लॅब भरल्यावर प्रत्येक कॉलममध्ये पाच सळया छातीपेक्षा थोड्या उंच, १५७५ वर संपलेल्या दिसल्या पाहिजेत आणि पाच डोक्याच्या किती तरी वर, ४५७५ पर्यंत गेलेल्या. दहाही एकाच उंचीला दिसल्या की समजा फिटर जुन्या कागदावरून काम करतोय. टेप काढायचीही गरज नाही.

फुटिंगपासूनच हे धरावं लागतं. फुटिंगच्या जाळीपासून प्लिंथपर्यंत आपल्याकडे १८०० आहेत, खाली ३०० चा एल. म्हणून आखूड पाच सळया ३०० अधिक १८०० अधिक १५७५ म्हणजे ३६७५ च्या, आणि लांब पाच त्याहून बरोबर एक मजला जास्त, ६६७५ च्या. आता जरा यार्डात बघा. आर-१ प्रमाणे कापलेले ३७५० चे तुकडे पडलेत ना? ते फुकट गेले नाहीत. आखूड सळयांसाठी ते ७५ छाटून चालतील, किंवा एल तेवढाच लांब ठेवा, माझी हरकत नाही. कॉन्ट्रॅक्टरला हे पहिल्यांदा सांगा, चेहरा खुलेल.

पुढच्या मजल्यांना सळई लागते ६ मीटर अधिक ७५०, म्हणजे ६७५० ची. १२ मधून ६७५० काढले की ५२५० उरतात आणि इथे कॉन्ट्रॅक्टर म्हणणार की वेस्टेज वाढलं. उरलेल्या तुकड्यातून २६०० च्या दोन सळया निघतात, आणि बीमच्या सपोर्टवरच्या एक्स्ट्रा सळया १६ च्याच आहेत, बऱ्याचशा २६०० च्या आसपास. सुधारित बीबीएसमध्ये तसं जुळवून दिलंय. फक्त तुकडे गंजायला टाकू नका आणि दुसरं कुणी ते रिंगा ठेवायला आडवे म्हणून वापरणार नाही एवढं बघा. लॅपचं लोखंडही प्रत्यक्षात कमी झालंय: आधी दर मजल्याला दहा लॅप होते, आता पाच, म्हणजे कॉलममागे सहा किलोच्या आसपास बचत. रिंगांत त्याच्या कितीतरी पट जास्त लागणार आहे, ते लपवत नाही.

बांधताना काय अडेल तेही सांगतो. नवी सळई आता स्लॅबवर टेकत नाही, तिचं खालचं टोक ८२५ वर अधांतरी लोंबतं. फिटरचा पहिला प्रश्न हाच असेल: साहेब, ती घसरेल ना? ८२५ आणि १५७५ ला ऑइल पेंटनं खूण करा, सळई तिथे धरून तळाला, मध्यावर आणि वर अशी तीन जागी बाइंडिंग वायर घट्ट मारा आणि लगेच लॅपच्या रिंगा बांधून घ्या, मग ती हलत नाही. जुन्या सळईला क्रँक द्यायचा असेल तर तो लॅपच्या तळाशी, यार्डातच आणि सौम्य द्या, सहाला एक यापेक्षा उभा नको. काँक्रीटमधून बाहेर आलेली सळई पाइप घालून जागेवर वाकवण्याची सवय आहे, ती इथे अजिबात नको.

लांब पाच सळया वाऱ्यावर डोलतात. वर दोन-तीन तात्पुरत्या रिंगा बांधा आणि बांबूचा टेकू द्या, नाहीतर स्लॅबच्या ताज्या काँक्रीटमध्ये मुळाशी हलून भोक मोठं होतं. आणि १५७५ वरची टोकं बरोब्बर माणसाच्या तोंडाच्या उंचीला येतात. त्यांना प्लॅस्टिकच्या टोप्या घाला. हे ड्रॉईंगवर नाही, पण मला एवढं ठाऊक आहे की संध्याकाळी उजेड कमी झाला की ती टोकं दिसत नाहीत.

आता रिंग.

आर-१ मध्ये ८ एमएमची रिंग सगळीकडे १५० वर होती आणि हूक ९० अंशाचा. आर-२ मध्ये रिंग १० एमएमची झाली, हूक १३५ अंशाचा झाला आणि अंतर जागेप्रमाणे बदलतं. तिन्ही गोष्टी एकाच कारणानं बदलल्यात, म्हणून वेगवेगळ्या समजू नका.

रिंगेचं काम मुख्य सळयांना जागेवर धरणं एवढंच आहे असं पुष्कळांना वाटतं. काँक्रीट भरेपर्यंत ते खरंही आहे. भूकंपात मात्र कॉलमच्या टोकाशी कव्हर गळून पडल्यावर आतलं काँक्रीट चुरडून बाहेर फुगू बघतं आणि मुख्य सळया बाहेर वाकू बघतात. त्या वेळी सगळं धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती रिंग. ९० अंशाच्या हुकाचं टोक कव्हरमध्ये, कडेला समांतर असतं. कव्हर पडलं की त्या टोकाला धरायला काहीच उरत नाही आणि रिंग दरवाजासारखी उघडते. १३५ अंशाचं टोक कॉलमच्या पोटात, आतल्या काँक्रीटमध्ये वळलेलं असतं. कव्हर गेलं तरी ते अडकलेलं राहतं.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्यात खाली मोकळं पार्किंग असलेल्या पुष्कळ होत्या. विरळ रिंगा, ९० अंशाचे हूक आणि सांध्यात रिंगाच नाहीत, हे तिथल्या ढिगाऱ्यात अभ्यासकांना पुन्हा पुन्हा दिसलं. २०१६ च्या नकाशाप्रमाणे अहमदाबाद झोन तीनमध्ये. पुणं आणि मुंबईही झोन तीनमध्येच. "आपल्याकडे कुठं भूकंप येतो" असं कुणी म्हटलं तर एवढं सांगा. कोयना आणि किल्लारी तर आपल्याच राज्यात आहेत.

हुकाचं सरळ टोक रिंगेच्या व्यासाच्या सहापट आणि किमान ६५ एमएम हवं. १० च्या रिंगेला सहापट ६० येतात, म्हणून ६५ धरा. तुमच्यातल्या जुन्या लोकांना ७५ पाठ असेल. १९९३ च्या कोडमध्ये दहापट आणि किमान ७५ होतं, २०१६ मध्ये ते कमी झालं. कुणी ७५ केलं तर वाईट काही नाही, फक्त हुकांची दाटी होऊन व्हायब्रेटरची सुई अडते. ६५ लांबीची प्लायची एक पट्टी कापून फिटरच्या टेबलावर खिळ्यानं ठोकून ठेवा, प्रत्येक रिंगेला टेप लावायची गरज उरत नाही. रिंग बाहेरून बाहेर २२० बाय ३७०. बांधताना एका रिंगेचा हूक या कोपऱ्यात, पुढचीचा पुढच्या कोपऱ्यात, असा फिरवत न्या.

८ ची रिंग का चालत नाही, हा प्रश्न रास्त आहे, कारण ८ चा माल यार्डात आहे. कॉलमच्या पोटाला जेवढं आवळून धरायला हवं त्याचा हिशेब केला तर ८ ची रिंग ५७ एमएमवर, म्हणजे सव्वादोन इंचावर आणावी लागते. त्यातून २० एमएमची खडी नीट उतरणार नाही आणि हनीकोम्ब होईल. १० ची रिंग ७५ वर पुरते. ८ चा माल स्लॅबकडे वळवा.

हा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: आतल्या तीन आडव्या टायांवर. लांब बाजूच्या मधल्या दोन-दोन सळया आमनेसामने दोन टायांनी बांधायच्या, आखूड बाजूची मधली सळई एका टायनं समोरच्या सळईला. दर रिंगेमागे तीन. त्या काढल्या तर लांब बाजूची रिंग ३७० च्या लांबीत मध्ये कुठेच आधार नसलेली राहते आणि बाहेर फुगते. मग १० काय, १२ चीही रिंग पुरणार नाही. टाय फिटरला किचकट वाटते कारण दोन्ही टोकांना १३५ चा हूक असेल तर ती आत जातच नाही. एक टोक आधी १३५ चं आणि दुसरं ९० चं करून घाला, बसली की दुसरं टोक चावीनं जागेवर वळवा. वळवायला विसरले की ती ९० चीच राहते. शटरिंगच्या आधी बॅटरी घेऊन आत बघताना हे पहिलं बघा.

आता अंतर. स्लॅबपासून वर ४५० पर्यंत आणि बीमच्या तळापासून खाली ४५० पर्यंत ७५ वर, म्हणजे तीन इंचावर. लॅपच्या ७५० मध्ये १०० वर, चार इंच. मधे उरलेल्या दोन पट्ट्यांत, ४५० ते ८२५ आणि तसंच वर, १५० वर, सहा इंच. कोपऱ्यातल्या एका सळईवर पेंटनं या चार सीमांच्या खुणा करा, बाकी फिटर बघून घेईल. ७५ हा कॉलमच्या आखूड मापाचा चौथा भाग, ३०० चा. म्हणून शेजारच्या साइटवर कॉलम मोठा असेल आणि तिथे १०० चाललं असेल तर तो आकडा इथे आणू नका. फुटिंगमध्येही ७५ च्या रिंगा किमान ३०० खोलवर उतरल्या पाहिजेत. फुटिंगच्या वर थांबवून चालत नाही.

रिंगा घालण्याचा एक त्रास नवा आहे. पाच सळया साडेचार मीटर उंच उभ्या असताना बंद रिंग वरून ओवावी लागते. नव्या सळया जोडण्याआधी त्या मजल्याच्या सगळ्या रिंगा घोडीवर चढून ओवून खाली रचून घ्या. फिटर बाजूनं रिंग फाकवून घालायला बघेल, तेवढ्यापुरतं जमतंही. फाकवलेला हूक परत १३५ वर येत नाही आणि दुसऱ्यांदा वाकवल्यावर तिथे चीर पडू शकते. ते होऊ देऊ नका.

आणि शेवटी सांधा, जिथे खरं तर सगळ्यात कमी काम होतं.

बीम आणि कॉलम जिथे एकत्र येतात त्या ६०० च्या पट्ट्यात आर-१ नं रिंगा दाखवल्याच नव्हत्या आणि बहुतेक साइटवर दाखवल्या तरी घातल्या जात नाहीत. दोन्ही बाजूंची बीमं येतात, वरच्या सळया, खालच्या सळया, कॉलमच्या सळया, हात जायला जागा नसते. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी सांध्याच्या रिंगा कॉलमच्या तळाशी गठ्ठ्यानं पडलेल्या मी स्वतः बघितल्यात, आणि त्याच तशाच काँक्रीटमध्ये गेल्या असत्या. आर-२ मध्ये सांध्यात ७५ वर रिंगा आहेत, आडव्या टायांसकट.

"साहेब, आतल्या कॉलमला तर चारही बाजूंनी बीम आहे, तिथे तरी कमी करा," हा प्रश्न येणार. कोडमध्ये तशी सवलत आहे: चारही बाजूंच्या बीमनं सांधा झाकलेला असेल तर रिंगा निम्म्या करून १५० पर्यंत नेता येतात. पण बीमची रुंदी कॉलमच्या त्या बाजूच्या किमान पाऊणपट हवी. आपलं बीम २३० चं. ३०० च्या बाजूला पाऊणपट २२५ होतात, तिथे जेमतेम बसतं. ४५० च्या बाजूला ३३७ हवेत, तिथे २३० पुरत नाही. म्हणून एकाही कॉलमला सवलत मिळत नाही, आतला असो की कडेचा. स्लॅबवर उभं राहून चार बीमं दिसली म्हणून कुणी रिंगा काढायच्या नाहीत.

घालायच्या कशा, याचा क्रम महत्त्वाचा. आयआयटी कानपूर आणि बीएमटीपीसी यांनी सी. व्ही. आर. मूर्ती यांच्याकडून लिहून घेतलेल्या भूकंपविषयक टिपांमध्ये एक टिप याच सांध्यावर आहे आणि त्यातलं चित्र फिटरला दाखवण्यासारखं आहे. गोष्ट अशी की बीमचा पिंजरा खाली उतरवण्याआधी सांध्याच्या रिंगा कॉलमच्या सळयांवर रचून ठेवायच्या. बीमच्या वरच्या सळया त्या वेळी अजून घातलेल्या नसतात. नंतर वरच्या सळया बीमच्या रिंगांत ओवून पिंजरा शटरिंगमध्ये उतरवायचा, आणि मग रचलेल्या रिंगा एकेक वर उचलून आपापल्या जागी बांधायच्या. पिंजरा बसल्यावर रिंगा घालायला गेलात तर जमणार नाही, मग कुणीतरी त्या कापून दोन तुकडे करून घालतं. तसली रिंग म्हणजे नसल्यात जमा.

जागेवर अंतर टिकावं म्हणून मी सुचवीन की रिंगा रचण्याऐवजी १० एमएमच्या चार उभ्या तुकड्यांना ७५ वर आधीच बांधून छोटा पिंजरा करा आणि तोच कॉलमवरून ओवा. मात्र मग बीमच्या खालच्या सळया त्या पिंजऱ्यातून आडव्या ओवाव्या लागतात, म्हणून लांब बीमला ही युक्ती गैरसोयीची. कडेच्या कॉलमला आणि आखूड बीमला करून बघा, मधल्यांना वरचा क्रम बरा. तुमच्या फिटरला यापेक्षा चांगलं काही सुचलं तर ऐकायला मी तयार आहे, अट एवढीच की रिंग अखंड हवी आणि अंतर ७५.

सांध्यात बीमची एखादी सळई रिंगेच्या आड येते आणि रिंग १०-१५ एमएम वरखाली सरकवावी लागते. ती सरकवा, त्यासाठी फोन नको. पण एखाद्या सांध्यात रिंग बसतच नसेल तर ती गुपचूप सोडून देऊ नका. त्या कॉलमचा नंबर लिहा आणि भरण्याच्या आधी कळवा. कळलं तर बीमच्या सळया दोन थरांत करता येतात, नाहीतर एखादा व्यास बदलता येतो. भरून झाल्यावर फार काही करता येत नाही.

तपासणी अशी करा. बीमच्या बाजूचं शटर सांध्यापाशी बंद करण्याआधी बॅटरी आत घालून प्रत्येक सांध्यातल्या रिंगा मोजा: आठच्या आसपास यायला हव्यात. स्लॅब ते स्लॅब एका कॉलममध्ये पूर्वी सतराएक रिंगा होत्या, आता सांधा धरून चौतीसच्या आसपास होतील, जवळपास दुप्पट. रोजच्या रजिस्टरमध्ये एकूण रिंगांचा आकडा लिहायला लावा. कॉलमची संख्या गुणिले चौतीस यापेक्षा तो फार कमी आला की समजा कुठला तरी सांधा मोकळा राहिलाय, शोधायला सुरुवात करा.

वेळही जास्त लागणार आहे. कॉलम आणि सांधे बांधायला फिटरला एक दिवस वाढवून द्या आणि कॉन्ट्रॅक्टरच्या वेळापत्रकात तो आधीच लिहून घ्या. स्लॅबची तारीख ठरल्यावर जो दिवस कमी पडतो तो नेहमी सांध्यातून वजा होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कागदांचं थोडं. आर-१ च्या सगळ्या प्रती, साइट ऑफिसातली, कॉन्ट्रॅक्टरकडची आणि फिटरच्या टेबलाखाली घडी घातलेली, गोळा करून त्यावर "रद्द" लिहा. फोनमधले फोटो मात्र कुणी रद्द करत नाही. फिटरच्या मोबाइलमध्ये आर-१ चा फक्त कॉलमपुरता कापलेला फोटो असतो, त्यात कोपऱ्यातला आर आणि नंबर दिसतच नाही. तो त्याच्यासमोर काढून टाकायला लावा आणि आर-२ चा फोटो पूर्ण शीटचा पाठवा, चौकट दिसेल असा. जुना बीबीएसही रद्द आहे, कारण ड्रॉईंगवरचा ढग फक्त त्या कागदावर काय बदललं ते दाखवतो. बीबीएसवर ढग नसतो, तिथे आकडाच बदलतो.

पहिल्या एका कॉलमचं स्टील फुटिंगपासून बांधून झालं की बाकीचे सुरू करण्याआधी मला बोलवा. कडेचा कॉलम निवडा, त्यात सगळ्या अडचणी एकदम दिसतात. त्या दिवशी फिटर आणि कॉन्ट्रॅक्टरचा माणूस दोघंही हजर हवेत, आणि ८२५, १५७५ च्या खुणा सळईवर आधीच मारलेल्या हव्यात.

आपला,
एक सिव्हिल इंजिनिअर
पुणे